बुखोल्झ अलार्म आला, ट्रिप नाही: काचेतला गॅस आणि ऑइलची हालचाल कशी वाचायची

प्रश्न: 33/11 केव्ही, 10 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. रात्री बुखोल्झ अलार्म आला, ट्रिप नाही. काचेत 250 सीसीच्या आसपास गॅस होता, रंग काही नव्हता. शिफ्टवाल्याने पेटकॉक उघडून सोडून दिला आणि अलार्म रिसेट केला. आता परत आलाय. लोड, टेंपरेचर सगळं नॉर्मल. दोन महिन्यांपूर्वी ऑइल फिल्टर केलंय म्हणून हवाच असेल असं सगळे म्हणतात. गॅस सोडत राहायचं की बंद करायचा? आणि गॅसवरून नक्की काय कळतं?

उत्तर:

बुखोल्झ म्हणजे टँक आणि वरच्या कन्झर्व्हेटरमधल्या पाइपात बसवलेला रिले; त्याच्या काचेत आत्ता जो गॅस आहे तो सोडू नका. पहिला गेला तो गेला, त्याच्याबरोबर अर्धी माहितीही गेली. हा दुसरा गॅस सिरिंजमध्ये पकडा, आणि तो पकडायची सोय आज होणार नसेल तर लोड दुसरीकडे टाकून ट्रान्सफॉर्मर बंद करा. गॅस जळणारा आहे की नाही हे माहीत नसताना रिसेट करून चालवत राहणं म्हणजे पुढचा सिग्नल थेट ट्रिपचा येईल याची वाट बघत बसणं.

"दोन महिन्यांपूर्वी फिल्टर केलंय म्हणून हवा" हे बऱ्याचदा खरं असतं, पण त्याची एक खूण असते. फिल्टरनंतर किंवा नवीन ऑइल भरल्यावर कोपऱ्यात, बुशिंगच्या टरेटमध्ये, रेडिएटरच्या हेडरमध्ये अडकलेली हवा लोडबरोबर ऑइल गरम व्हायला लागलं की हळूहळू सुटते आणि रिलेत येते. ती पहिल्या काही दिवसांत जास्त येते, मग दोन अलार्ममधलं अंतर वाढत जातं आणि शेवटी बंद होतं. दोन महिने शांत राहून अचानक सुरू झाली, आणि दुसरा अलार्म पहिल्यापेक्षा लवकर आला, तर ही त्या हवेची चाल नाही. म्हणून सगळ्यात आधी लॉगबुक किंवा इव्हेंट लॉगर काढा आणि पहिला अलार्म किती वाजता, गॅस किती वाजता सोडला, दुसरा अलार्म किती वाजता, एवढं लिहून काढा. वरचा फ्लोट दरवेळी साधारण तेवढ्याच गॅसला खाली येतो, रिलेच्या साइजप्रमाणे 200 ते 300 सीसीच्या आसपास, त्यामुळे गॅस सोडल्यापासून पुढच्या अलार्मपर्यंतचा वेळ हाच तुमचा गॅस मीटर. नऊ तासांत 250 सीसी म्हणजे तासाला 28 सीसी. तेवढाच गॅस तीन तासांत जमला तर तासाला 83. हा आकडा काढायला कुठलीही लॅब लागत नाही, आणि तरी तो कुणी काढत नाही याचं मला दरवेळी नवल वाटतं.

पेटकॉकला हात लावायच्या आधी कन्झर्व्हेटरची लेव्हल बघा. वरचा फ्लोट दोन कारणांनी खाली येतो, गॅस जमला म्हणून किंवा ऑइलच कमी झालं म्हणून, आणि काचेतून दोन्ही सारखंच दिसतं, वरती रिकामं आणि खाली ऑइल. गळतीमुळे कन्झर्व्हेटर रिकामा झाला असेल तर पेटकॉक उघडल्यावर गॅस फुस्स करून बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते, लेव्हल आणखी उतरते, खालचा फ्लोट पडतो आणि तुमच्या हातून ट्रिप होतो. ब्रीदर चोक झालेला असला तर लेव्हल ठीक दिसूनही असंच होऊ शकतं, कारण रात्री ऑइल थंड होऊन आकसलं की कन्झर्व्हेटरमध्ये दाब कमी झालेला असतो. मॅग्नेटिक गेजचा काटा अडकलेला असू शकतो, तेव्हा नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नका, ट्रान्सफॉर्मरभोवती एक चक्कर मारून खाली ऑइल सांडलंय का तेही बघा. आणि काच पूर्ण ऑइलने भरलेली असून अलार्म असेल तर गॅसचा विषयच नाही, टर्मिनल बॉक्समध्ये पाणी शिरलंय का आणि केबलचं इन्सुलेशन कसं आहे ते तपासा.

रिले टँकच्या वर, बुशिंगच्या शेजारी असतो. चालू ट्रान्सफॉर्मरवर शिडी लावून गॅस काढायला चढायचं नाही, यात चर्चा नाही. रिलेपासून खाली जमिनीवरच्या गॅस कलेक्टिंग बॉक्सपर्यंत तांब्याची नळी आणलेली असेल तर चालू असताना तिथून घेता येतो. नसेल तर ब्रेकर, आयसोलेटर, अर्थिंग, परमिट सगळं करून मगच वर. काडी पेटवून गॅस जळतो का बघायची जुनी पद्धत अजून काही जण सांगतात, ती विसरा. फॉल्टच्या गॅसमध्ये निम्मा हायड्रोजन असू शकतो आणि त्यात असिटिलिन मिसळलेलं असतं, आणि तुम्ही हजारो लिटर ऑइलच्या डोक्यावर उभे असता.

सँपल घ्यायला 50 सीसीची काचेची गॅसटाइट सिरिंज, थ्री वे कॉक आणि ऑइलला टिकणारी छोटी नळी एवढंच लागतं. सिरिंजचा दांडा आधी थोड्या ट्रान्सफॉर्मर ऑइलने ओला करा म्हणजे सील चांगलं बसतं. आधी काचेवरच्या खुणेवर गॅस किती आहे ते वाचून लिहा, कारण एकदा काढला की तो आकडा परत मिळत नाही. नळी पेटकॉकला जोडून पहिले थोडे सीसी थ्री वे कॉकच्या बाजूच्या तोंडातून बाहेर जाऊ द्या, नळीतली हवा निघून जाते. मग कॉक सिरिंजकडे फिरवा आणि गॅसला स्वतःच्या दाबाने दांडा मागे ढकलू द्या, तुम्ही ओढू नका, ओढलं की कुठल्यातरी सांध्यातून बाहेरची हवा शिरते आणि मग रिपोर्टमध्ये ऑक्सिजन नायट्रोजन दिसले की सगळे पुन्हा "बघा, हवाच होती" म्हणायला मोकळे. दोन सिरिंज भरा. लेबलवर अलार्मची वेळ, सँपलची वेळ, काचेतला व्हॉल्यूम, ऑइल टेंपरेचर आणि लोड लिहा. त्याच वेळी मेन टँकच्या खालच्या व्हॉल्व्हमधून ऑइलचंही सँपल घ्या. हे विसरू नका, पुढचं सगळं गणित या जोडीवर आहे.

उशीर करू नका. गॅस रिलेत पडून राहिला की तो खालच्या ऑइलमध्ये विरघळायला लागतो, आणि सगळे गॅस सारख्या प्रमाणात विरघळत नाहीत, त्यामुळे जितका उशीर तितकं मिश्रण बदलतं. सिरिंजमधूनही हायड्रोजन हळूहळू निसटतो, म्हणून सँपल त्याच दिवशी लॅबला.

रंगाबद्दल विचारलंच आहे तर थोडक्यात. पांढरट म्हणजे कागद किंवा प्रेसबोर्ड, पिवळसर म्हणजे लाकूड, राखाडी काळपट म्हणजे जळलेलं ऑइल, असं जुन्या तक्त्यांत असतं. रंग लवकर उडतो, आणि मुख्य म्हणजे हायड्रोजन, मिथेन, असिटिलिन, कार्बन मोनॉक्साइड या सगळ्यांना रंगच नाही. रंग दिसला तर तो पुरावा धरा, पण रंग नाही म्हणून हवा, असं म्हणता येत नाही. तुमच्या लोकांची पहिली गफलत इथेच झालीय.

आता मुख्य भाग. काचेतला गॅस हा फॉल्टने तयार केलेला सगळा गॅस नाही, तो उरलेला गॅस आहे. फॉल्टच्या जागी बुडबुडा तयार होतो, टँकमधून वर चढतो आणि चढताना ऑइलमध्ये विरघळत जातो. फॉल्ट मंद असेल, बुडबुडे बारीक असतील, तर ते वाटेतच संपतात आणि रिलेला काही कळतच नाही, फक्त डीजीएत, म्हणजे ऑइलमध्ये विरघळलेल्या गॅसच्या तपासणीत, आकडे वाढतात. रिलेपर्यंत गॅस पोचला याचा अर्थ एकतर तो इतक्या वेगाने तयार होतोय की विरघळायला वेळच मिळत नाही, नाहीतर ऑइल आधीच इतकं भरलंय की त्यात आणखी मावत नाही. पहिल्या प्रकारात तुमच्याकडे वेळ कमी आहे, दुसऱ्यात थोडा जास्त. या दोन्हींतला फरक काढायची रीत आयईसी 60599 मध्ये दिलेली आहे आणि ती गुणाकाराइतकी सोपी आहे.

प्रत्येक गॅसचा ऑस्टवाल्ड कोएफिशिएंट असतो, म्हणजे गॅस आणि ऑइल एकमेकांशी समतोलात असले तर गॅसमधल्या प्रमाणाच्या किती पट प्रमाण ऑइलमध्ये असेल. मिनरल ऑइलला साधारण 20 ते 25 डिग्रीला हायड्रोजनचा 0.05, कार्बन मोनॉक्साइडचा 0.12, मिथेनचा 0.43, असिटिलिनचा 1.20, इथिलिनचा 1.70. म्हणजे हायड्रोजनला ऑइलमध्ये राहायला आवडतच नाही, तो वर पळतो, आणि असिटिलिन, इथिलिन ऑइलमध्ये खुशाल मुरतात. म्हणून रिलेच्या गॅसमध्ये हायड्रोजन भरपूर आणि असिटिलिन बेताचं दिसलं तरी फॉल्टच्या जागी असिटिलिन बेताचंच होतं असं समजू नका, ते वाटेत ऑइलने खाल्लेलं असतं.

रीत अशी. काचेतल्या गॅसचा रिपोर्ट घ्या, प्रत्येक गॅसचं पीपीएम त्याच्या कोएफिशिएंटने गुणा, म्हणजे समतोलात ऑइलमध्ये किती असायला हवं होतं ते मिळतं. ते प्रत्यक्ष ऑइल सँपलच्या आकड्याशी लावून बघा. दोन्ही आसपास असतील तर गॅस हळूहळू बनला, ऑइल भरत गेलं आणि आता जास्तीचा बाहेर पडतोय. गॅसवरून काढलेला आकडा ऑइलच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा असेल तर गॅस झपाट्याने बनतोय आणि ऑइलमध्ये मिसळायच्या आत वर येतोय.

एक केस सांगतो, तुमच्यासारखाच ट्रान्सफॉर्मर, 33/11 केव्ही, 10 एमव्हीए, ऑइल साधारण 7000 लिटर, टॅप बदलायला ऑफ सर्किट स्विच, म्हणजे बंद करून हँडल फिरवायचं. काही दिवस आधी शटडाऊनमध्ये टॅप एक पायरी बदलला होता. पहिला अलार्म, गॅस सोडला, नऊ तासांनी दुसरा, तोही सोडला, मग तीन तासांनी तिसरा. तिसऱ्याला तिथल्या इंजिनिअरने फोन केला आणि मग ट्रान्सफॉर्मर बंद करून सँपल घेतले. काचेत 250 सीसी, रंग नाही. गॅसच्या रिपोर्टमध्ये हायड्रोजन 48 टक्के, मिथेन 9, असिटिलिन 6, इथिलिन 4, कार्बन मोनॉक्साइड 2, ऑक्सिजन 4 आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. खालच्या व्हॉल्व्हच्या ऑइलमध्ये हायड्रोजन 180 पीपीएम, मिथेन 60, असिटिलिन 110, इथिलिन 75, इथेन 15, कार्बन मोनॉक्साइड 320. आधीच्या रिपोर्टमध्ये असिटिलिन अजिबात नव्हतं, कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळपास एवढाच होता.

हायड्रोजन 48 टक्के म्हणजे 4,80,000 पीपीएम, गुणिले 0.05, म्हणजे समतोलात ऑइलमध्ये 24,000 पीपीएम हवा होता. होता 180. असिटिलिन 60,000 गुणिले 1.20 म्हणजे 72,000 हवं होतं, होतं 110. शेकडो पटींचा फरक आहे, इथे लॅबची पाच दहा टक्के चूक धरली काय नि न धरली काय. गॅस जिथे बनतोय तिथून सरळ उठून वर येतोय आणि टँकमधल्या ऑइलला त्याची अजून पुरती खबरही नाही. अलार्ममधलं अंतर नऊवरून तीन तासांवर आलं होतं तेही याच्याशी जुळतं.

आता उलटी केस कशी दिसली असती ते बघा. समजा काचेत बहुतेक नायट्रोजन आहे आणि हायड्रोजन फक्त 1 टक्का, म्हणजे 10,000 पीपीएम. गुणिले 0.05 म्हणजे 500. ऑइलमध्ये हायड्रोजन 460 निघाला तर दोन्ही जुळतात. फॉल्ट आहे, पण मंद आहे, ऑइल हळूहळू भरत गेलंय आणि कदाचित रात्री टेंपरेचर उतरल्यावर जास्तीचा गॅस सुटला. हो, थंड झाल्यावर. पाण्यात गरम झाल्यावर हवा सुटते तसं इथे नाही, मिनरल ऑइलमध्ये नायट्रोजन, हायड्रोजन गरम असताना जास्त मावतात, म्हणून लोड अचानक उतरल्यावर किंवा थंडीच्या रात्री भरलेलं ऑइल गॅस सोडतं. असा ट्रान्सफॉर्मर तिथल्या तिथे बंद करायची गरज नसते, पण दर काही दिवसांनी डीजीए लागतो.

आणि शुद्ध हवा असेल तर जळणारा कुठलाच गॅस नावाला सोडून नसतो, ऑक्सिजन पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा थोडा जास्तच असतो. जास्त अशासाठी की ऑक्सिजन ऑइलमध्ये नायट्रोजनपेक्षा जवळपास दुप्पट विरघळतो, त्यामुळे ऑइलमधून सुटलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा ऑक्सिजनने थोडी श्रीमंत असते. अशी हवा फिल्टरनंतर बराच काळ लोटल्यावरही येत राहिली तर ती कुठून शिरतेय ते शोधा. पंप असतील तर पंपाच्या सक्शन बाजूची गास्केट पहिली बघा. तिथे दाब बाहेरच्यापेक्षा कमी असू शकतो, त्यामुळे ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. कन्झर्व्हेटरमध्ये रबर बॅग असेल तर ती फाटलीय का तेही बघा.

त्या केसकडे परत येऊ. ऑइलच्या आकड्यांचे रेशो काढले. असिटिलिन भागिले इथिलिन 1.47, मिथेन भागिले हायड्रोजन 0.33, इथिलिन भागिले इथेन 5. हे डिस्चार्जच्या खात्यात बसतं, कमी एनर्जीचा की जास्त एनर्जीचा हे या तीन आकड्यांवरून ठरत नाही, दोन्हींच्या हद्दी इथे एकमेकांवर चढतात, आणि त्यावर डोकं खाजवत बसण्यात अर्थ नव्हता. उपयोगाची गोष्ट वेगळी होती, कार्बन मोनॉक्साइड जवळपास वाढलाच नव्हता. म्हणजे ठिणग्या ऑइलमध्ये, धातूला धातू भेटतो अशा ठिकाणी, कागद फारसा जळत नाही. आणि नुकताच टॅप फिरवलाय. शोध कुठून सुरू करायचा हे यावरून ठरलं.

जाता जाता अजून एक हिशोब. 7000 लिटर ऑइलमध्ये 1 पीपीएम म्हणजे 7 सीसी गॅस. असिटिलिन 110 पीपीएम म्हणजे ऑइलमध्ये मुरलेलं असिटिलिन अंदाजे 770 सीसी, आणि काचेतल्या 250 सीसीमध्ये असिटिलिन 6 टक्के म्हणजे फक्त 15 सीसी. टँकभर सारखं मिसळलंय असं धरून काढलेला हा ढोबळ आकडा आहे, पण काचेत दिसतो तो किती छोटा भाग असतो हे त्यातून कळतं.

आता ऑइलच्या हालचालीबद्दल, कारण "ट्रिप नाही म्हणजे गंभीर नाही" हा दुसरा गैरसमज. खालच्या बाजूला जो फ्लॅप असतो तो गॅस मोजत नाही, टँककडून कन्झर्व्हेटरकडे जाणाऱ्या ऑइलचा धक्का मोजतो. सेटिंग समजा सेकंदाला 1 मीटर आहे आणि पाइप 50 एमएमचा. पाइपचं क्षेत्रफळ साधारण 19.6 चौरस सेंटिमीटर, म्हणजे फ्लॅप पडायला सेकंदाला जवळपास 2 लिटर ऑइल ढकललं जायला पाहिजे. आता तासाला 83 सीसी गॅस आणि सेकंदाला 2 लिटर ऑइल, यांची तुलनाच होत नाही. त्या केसमध्ये ठिणग्यांनी ऑइल हळूहळू विस्थापित होत होतं, फ्लॅपला वाराही लागला नसता. फ्लॅप पडतो तो वाइंडिंगमध्ये टर्न शॉर्ट होऊन किंवा लीड टँकला फ्लॅश होऊन आर्क पेटतो तेव्हा, काही क्षणांत भरपूर गॅस एकदम तयार होतो आणि ऑइलचा लोंढा पाइपात घुसतो. म्हणजे ट्रिप न येणं याचा अर्थ फॉल्ट अजून त्या टप्प्याला आला नाही एवढाच.

म्हणूनच सिग्नलचा क्रम बघायचा. अलार्म आधी, काही तासांनी ट्रिप, तर वाढत गेलेला फॉल्ट. ट्रिप आधी आणि अलार्म काही मिनिटांनी, तर आधी लोंढा आला, बुडबुडे मागून चढले, आतला जोरदार फॉल्ट, अशा वेळी बहुतेकदा डिफरेन्शियल रिलेही बोललेला असतो. म्हणून ट्रिपनंतर लगेच काच रिकामी दिसली नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका, अर्ध्या तासाने परत बघा. आणि ट्रिप एकटाच, काचेत काही नाही, डिफरेन्शियल गप्प, आणि बरोबर त्याच सेकंदाला बाहेर फीडरवर मोठा शॉर्ट सर्किट झालाय, असं असेल तर बाहेरच्या फॉल्टच्या करंटने वाइंडिंग झटकन दाबली गेली आणि त्यांनी ऑइल ढकललं अशी शक्यता मोठी असते. दोन पंप एकदम सुरू झाले तरी फ्लॅप हलू शकतो. पण शॉर्ट सर्किटने फ्लॅप पडला असेल तर वाइंडिंग किती हलली हा प्रश्न उरतोच, तेव्हा नुसता डीजीए स्वच्छ आला म्हणून चार्ज करू नका, मॅग्नेटायझिंग करंट, इम्पीडन्स आणि जमलं तर एसएफआरए, म्हणजे वाइंडिंग हलली का हे दाखवणारी फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स टेस्ट, करून आधीच्या रेकॉर्डशी जुळवा. काही रिलेंत फ्लॅप पडला की तसाच अडकून राहतो आणि हाताने रिसेट करावा लागतो, रिसेट करायच्या आधी त्याची स्थिती लिहून किंवा फोटो काढून ठेवा. आणि ऑन लोड टॅप चेंजरच्या पाइपात असतो तो सर्ज रिले वेगळा, जुन्या ऑइलमधल्या टॅप चेंजरमध्ये प्रत्येक टॅपला गॅस बनतोच, म्हणून त्याला गॅसचा अलार्म नसतो, त्याची मेन टँकच्या रिलेशी गल्लत करू नका.

त्या ट्रान्सफॉर्मरची टेस्टिंग सांगतो. मेगर ठीक, रेशो ठीक. वाइंडिंग रेझिस्टन्समध्ये पकडला गेला. 33 केव्ही बाजू डेल्टा, तीन जोड्यांतून मोजलं तर दोन जोड्यांत 0.556 ओहम आणि तिसरीत 0.585. फरक पाच टक्के, आणि तिथले एक जण म्हणाले की थोडा तर आहे. पण डेल्टात तुम्ही एक फेज आणि त्याला समांतर बाकीच्या दोन फेज अशी जोडणी मोजता, त्यामुळे खरा फरक झाकला जातो. उलटा हिशोब केला तर दोन फेज 0.82 ओहम आणि तिसरा 0.91 निघतो, म्हणजे अकरा टक्के. हा 0.09 ओहम एका काँटॅक्टचा आहे, आणि त्यातून 60 अँपिअर जात असतील तर तिथे 300 वॉटच्या वर उष्णता एका टिचभर जागेत. टॅप फिरवून परत मोजलं तर शेजारच्या टॅपवर तिन्ही जोड्या जुळल्या, म्हणजे वाइंडिंग चांगली, दोष त्या एका जागेवरच्या काँटॅक्टचा. ऑइल उतरवून हँडहोल उघडलं तर हलता काँटॅक्ट पूर्ण बसलेलाच नव्हता, कडेवर टेकून होता, कडेला काळं झालेलं आणि पितळेला खड्डे. हँडलवरचा आकडा बरोबर जागेवर होता, आतला दांडा कपलिंगपाशी सैल होऊन थोडा मागे राहिला होता.

टॅप बदलल्यावर वाइंडिंग रेझिस्टन्स मोजूनच चार्ज करायचं असा नियम पाळला असता तर हे चार्ज करायच्या आधीच दिसलं असतं. तुमच्याकडे ऑफ सर्किट स्विच असेल तर मागच्या दोन महिन्यांत, विशेषतः फिल्टरच्या शटडाऊनमध्ये, कुणी टॅपला हात लावला का हे आजच विचारा.

तर तुमच्या बाबतीत निर्णय असा घ्या. गॅसमध्ये हायड्रोजन टक्क्यांत असेल आणि असिटिलिन दिसत असेल, तर चार्ज करू नका, मग ऑइलचे आकडे कितीही गोड असोत. जळणारे गॅस थोडे आणि समतोल जुळतोय तर ऑइलचा ट्रेंड बघून लोड कमी करून चालवता येईल, तेही तुमच्या प्रोटेक्शन आणि टेस्टिंगवाल्यांनी सही केल्यावर. हवाच निघाली आणि अलार्ममधलं अंतर वाढत चाललंय तर सोडत राहा, प्रत्येक वेळी वेळ आणि व्हॉल्यूम लिहून. ट्रिप काँटॅक्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत बायपास करायचा नाही. वारंवार अलार्मने कंटाळून "सध्या बुखोल्झ काढून ठेवू" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

दुरुस्तीनंतरचं एक सांगून थांबतो, कारण त्यात लोक घाबरतात. ऑइल डीगॅस करून भरलं की डीजीए जवळपास शून्यावर येतो, मग एक दोन आठवड्यांत असिटिलिन परत काही पीपीएम दिसायला लागतं. वाइंडिंगच्या कागदात आणि प्रेसबोर्डमध्ये मुरलेलं जुनं ऑइल फिल्टर मशीनमधून गेलेलं नसतं, त्यातला गॅस हळूहळू बाहेर येतो. म्हणून चार्ज केल्यावर एका दिवसाने, आठवड्याने आणि महिन्याने सँपल घ्या. जुना गॅस असेल तर थोडा वाढून स्थिर होतो आणि लोड वाढवलं तरी हलत नाही. प्रत्येक सँपलला चढतच गेला, किंवा त्याच्याबरोबर हायड्रोजनही चढायला लागला, तर काँटॅक्ट परत बघावा लागेल.